हँडब्रेकचा दगड

त्याला स्टँडवर सगळे हँडब्रेक म्हणायचे. आईबापांनी ठेवलेलं नाव फक्त लायसनवर उरलं होतं, आणि लायसन बघणारा पोलीससुद्धा एकदा वर बघून म्हणाला होता, "अरे, तूच तो हँडब्रेक का?"

नाव उगाच पडलं नव्हतं. मिनीबस थांबली की हा दोन्ही हातांनी हँडब्रेक असा ओढायचा, जणू विहिरीतून बादली काढतोय. मग गाडी गिअरमध्ये टाकायची. मग खाली उतरून मागच्या चाकाखाली दगड लावायचा. दगड त्याचा स्वतःचा होता, कलिंगडाएवढा, एका बाजूनं सपाट. ड्रायव्हरच्या सीटमागे पोत्यावर त्याची जागा ठरलेली होती आणि तिथे पॅसेंजरला पाय ठेवायची परवानगी नव्हती. सिग्नलला तेवढा दगड लावत नसे. तोही बायकोनं शपथ घातली म्हणून.

सबंध आयुष्यात गाडीनं कुणाला साधा धक्का लावला नव्हता. पण भीती अशी की लावलाच तर? त्या 'तर'वर त्याचं सगळं आयुष्य चालायचं.

त्या दिवशी सकाळी तो 'तर' जास्तच मोठा झाला होता. गाडीच्या फिटनेसच्या दाखल्याचा तो शेवटचा दिवस होता.

तसं त्यानं विसरायचं काही ठेवलं नव्हतं. गाडी जुनी, म्हणून फिटनेस वर्षावर्षाचं. ती तारीख त्याला स्वतःच्या लग्नाच्या तारखेपेक्षा पाठ होती, हे बायकोनं चारचौघांत सांगूनही झालं होतं. तपासणीची वेळ घेतलेली होती. खरं तर ती आधीच घ्यायची, पण आधी गाडी रंगवून होऊ दे, मग दाखवू, असं करता करता शेवटचा दिवस उजाडला. उद्यापासून बिस्किटाच्या कारखान्याचं काम सुरू होणार होतं. पहिल्या पाळीची माणसं न्यायची आणायची. कारखान्याच्या ट्रान्सपोर्टवाल्या साहेबांनी स्पष्ट सांगितलं होतं, "आज संध्याकाळपर्यंत दोन्ही कागदांचे फोटो पाठवा. नाही आले तर दुसरी बस उभीच आहे." जुनं काम संपलेलं, नवं एवढं एकच. ते गेलं की गाडी दारात आणि हा गाडीत.

"दोन्ही म्हणजे?" बायकोनं चहा पुढे ठेवत विचारलं.

"फिटनेस आणि पीयूसी. धुराची."

"मग पीयूसी बघितली का?"

"तिचं काय बघायचं. फिटनेसबरोबरच काढली होती की गेल्या वर्षी."

बायको शांतपणे उठली, गाडीत गेली आणि काचेमागची पावती घेऊन आली. शिक्षण सातवीपर्यंतच, पण संशय पीएचडीपर्यंत पोचलेला. तिनं पावती त्याच्या कपाशेजारी ठेवली.

"अहो, ही सहा महिन्यांची असते. कधीच संपली."

हँडब्रेकनं कप खाली ठेवला. फिटनेस वर्षाचं म्हणून पीयूसीही वर्षाची, असं त्याच्या डोक्यानं परस्पर ठरवून टाकलं होतं. म्हणजे गेले कित्येक महिने तो धुराचा दाखला नसताना गावभर फिरत होता. चौकाचौकात पोलिसांकडे बघून हसत होता. त्यातल्या एकाला तर लिफ्टही दिली होती.

"आता?"

"आता जा आणि काढा. धुराच्या दाखल्याशिवाय ते फिटनेस तपासतात तरी का?"

"नाही तपासत."

"मग बसलाय कशाला?"

बसला होता तो रस्त्याचा विचार करत. पीयूसी केंद्र पेट्रोल पंपाशेजारी, अगदी जवळ. पण तेवढ्या रस्त्यात दाखला नसलेली गाडी चालवायची. आता माहीत असताना. माहीत नव्हतं तोवर तो निष्पाप होता.

बायकोच्या भावाला त्यानं फोन लावला. हा मेहुणा गाड्या रंगवायचा, त्याला ब्रश म्हणत. गेले चार दिवस मिनीबस त्याच्याकडेच होती.

"ब्रश, येतोस का बरोबर?"

"दाजी, धूर तपासायला पेंटर कशाला? धुराला रंग द्यायचाय का?"

"ये रे बाबा."

आला. येताना थिनरचा डबा आणि चिंध्यांची पिशवी घेऊनच आला, कारण पुढे एका ट्रकचं काम होतं. ही पिशवी पुढे कामाला येणार होती, हे त्याच्या नव्हे, देवाच्या डोक्यात असेल.

रस्त्यानं हँडब्रेक गोगलगायीसारखा निघाला. समोर खाकी कपड्यातला माणूस दिसला की मान आत ओढायचा. त्यातला एक पोस्टमन निघाला, एक सिक्युरिटी गार्ड.

"दाजी, सायकलवाला पुढे गेला," ब्रश म्हणाला.

"जाऊ दे. त्याला पीयूसी लागत नाही."

पीयूसीवाला एका पत्र्याच्या टपरीत बसायचा. समोर कॉम्प्युटर, बाजूला मशीन, मशीनची नळी. त्यानं नंबरप्लेटचा फोटो काढला, सायलेन्सरच्या नळीत आपली नळी खोचली आणि म्हणाला, "इंजिन गरम आहे ना? बरं. गिअर न्यूट्रल. आता ॲक्सिलेटर पूर्ण दाबा. एका झटक्यात, तळापर्यंत. मी सोडा म्हटलं की सोडा."

हँडब्रेकनं दाबला. म्हणजे त्याच्या मते दाबला. इंजिन जरासं गुणगुणलं.

"अहो, तळापर्यंत."

पुन्हा गुणगुणलं.

"मशीन घेत नाहीये. झटका बसल्याशिवाय मोजमापच होत नाही. ही गाडी तुम्ही कधी दाबून चालवलीच नाही का?"

"नाही," हँडब्रेक अभिमानानं म्हणाला.

"तरीच." पीयूसीवाल्यानं नळी बाहेर काढली. सायलेन्सरच्या तोंडात फडकं फिरवून बाहेर काढलं, ते काळं कुळकुळीत. "सगळी काजळी आत साठलीय. हळू चालवून चालवून. आता आधी ती बाहेर काढू, मग मोजू. दाबा चांगला."

डिझेलच्या गाडीचा धूर असाच तपासतात. जोरात दाबून किती काळा येतो ते बघायचं, तेही एकदा नाही, पुन्हा पुन्हा, आणि मग सरासरी काढायची. पण तो पूर्ण दाबायचा क्षण म्हणजे हँडब्रेकला कड्यावरून उडी मारण्यासारखाच होता. त्यानं डोळे मिटले आणि पाय तळाला नेला.

गाडीनं जी आरोळी ठोकली, ती गाडीत इतकी वर्षं होती याचंच त्याला आश्चर्य वाटलं. मागून निघालेल्या काळ्या लोटात टपरी, पीयूसीवाला आणि पंपावर पेट्रोल भरणारी एक पांढऱ्या साडीतली बाई असं सगळं दिसेनासं झालं. लोट विरला तेव्हा साडी पांढरी नव्हती. बाई काय म्हणाली ते इंजिनच्या आवाजात ऐकू आलं नाही, हे बरंच झालं.

"अजून दाबा," पीयूसीवाला खोकत म्हणाला.

तिसऱ्या, चौथ्या वेळेला धूर करडा झाला, मग पातळ, मग नुसती थरथरणारी हवा. मग त्यानं नळी पुन्हा खोचली आणि मोजलं. हँडब्रेक आरशातून त्याच्या चेहऱ्याकडे बघत होता, जसं ऑपरेशन थिएटरबाहेर बसून डॉक्टरच्या चेहऱ्याकडे बघतात.

"मर्यादेच्या आत आहे. काठावर, पण आत. आणि काका, अधूनमधून मोकळ्या रस्त्यावर जरा पळवत जा. गाडीलाही श्वास लागतो."

पावती छापून आली. हँडब्रेकनं आधी तारीख वाचली, मग गाडीचा नंबर, मग पुन्हा तारीख. ब्रशनंही वाचली.

"दाजी, सहा महिन्यांची आहे. वर्षाची नाही."

"कळलं."

"ताईनं सांगितलंय, मोठ्यानं म्हणून दाखवा म्हणून."

तपासणीचं मैदान गावाच्या कडेला होतं. फाटकातून आत गेलं की एका बाजूला कचेरी, समोर रांग, आणि सगळी जागा कचेरीच्या दिशेनं जराशी उतरती. उतार बघताच हँडब्रेकनं गाडी थांबवली, हँडब्रेक ओढला, गिअर टाकला आणि दगड लावला. कुठेही लावतो तसाच.

तपासणीला एक बाई होत्या. हातात टॉर्च आणि पॅड, कानामागे पेन्सिल. आवाज इतका हळू की माणसाला पुढे वाकून ऐकावं लागायचं, आणि पुढे वाकलेला माणूस आपोआपच गुन्हेगार दिसतो. पुढच्या टेंपोवाल्याला त्या काहीतरी म्हणाल्या आणि तो नुसती मान हलवत गाडी मागे घेऊन निघून गेला.

"काय म्हणाल्या?" हँडब्रेकनं त्याला विचारलं.

"टायर गोटा झालाय म्हणाल्या. बदलून या म्हणाल्या. ओरडल्यासुद्धा नाहीत." टेंपोवाल्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

हँडब्रेकनं आपले टायर पुन्हा एकदा बघून घेतले.

मॅडम आल्या. आधी कागद. विमा चालू, टॅक्स भरलेला, पीयूसी.

"आजचीच काढलीत?"

"हो मॅडम."

"त्याआधी?"

हँडब्रेकनं विम्याचा कागद पुन्हा पुढे केला. तो मॅडमनी आधीच बघितला होता.

मग गाडी. हेडलाइट, वरचा झोत, खालचा झोत. इंडिकेटर. ब्रेक दाबल्यावर मागचे लाल दिवे. हॉर्न. वायपर, काचेवर पाणी टाकून. टायरच्या नक्षीत त्यांनी नख घालून बघितलं. स्टिअरिंग हलवून त्यात किती मोकळेपणा आहे ते बघितलं. आरसे. कडेच्या चमकत्या पट्ट्या, पुढे पांढऱ्या, बाजूला पिवळ्या, मागे लाल. वेग रोखायचं यंत्र आणि त्याचं सील. संकटकाळी बाहेर पडायचा दरवाजा आतूनही उघडला, बाहेरूनही उघडला. आग विझवायच्या नळकांड्याचा काटा हिरव्यावर होता. प्रथमोपचाराची पेटी उघडली तर आत सगळं जिथल्या तिथं, फक्त पट्ट्या मोजून नव्या आणलेल्या. पेटी कधीच वापरली नव्हती आणि तरीही दर महिन्याला हा बदलायचा.

मॅडमनी पहिल्यांदाच त्याच्याकडे माणूस म्हणून बघितलं. "गाडी चांगली ठेवलीय काका. रंगही नवा दिसतोय."

"आमच्या मेहुण्यानं दिलाय. मी सांगितलं होतं, एकही जागा सोडायची नाही. गंज कुठून येईल सांगता येत नाही."

"एकही सोडली नाही," ब्रश छाती काढून म्हणाला.

मॅडम पुढच्या चाकाशी खाली बसल्या. "स्टिअरिंग वळवा. चासी नंबर बघू."

चाक वळलं. मॅडमनी टॉर्च मारला. कानामागची पेन्सिल काढली, पातळ कागद हातात घेतला आणि मग तो कागद तसाच धरून बसून राहिल्या.

"काका, खाली या."

लोखंडी चासीवर, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर, जिथे नंबर कोरलेला असतो, तिथे काळाभोर, गुळगुळीत, आरशासारखा रंग होता. एकावर एक तीन थर. त्यात टॉर्चचा उजेड दिसत होता, मॅडम दिसत होत्या, वाकलेला हँडब्रेक दिसत होता. नंबर दिसत नव्हता.

"नंबर कुठे आहे?"

हँडब्रेकनं ब्रशकडे बघितलं. ब्रशनं रंगाकडे बघितलं, कलाकार आपल्या चित्राकडे बघतो तसं.

"दाजींनी सांगितलं होतं एकही जागा सोडायची नाही," तो हळूच म्हणाला.

"मॅडम, आत आहे नंबर. रंगाखाली."

"तुम्ही सांगताय म्हणून लिहू?" मॅडमचा आवाज आणखी हळू झाला. "नंबर वाचता आला नाही तर ही गाडी तीच आहे हे कशावरून? चोरीच्या गाडीचा नंबर आधी असाच झाकतात."

चोरी हा शब्द हँडब्रेकच्या कानात शिरला आणि तिथेच बसला. गाडी त्यानं जुनी घेतली होती, एका सोन्याच्या दातवाल्याकडून. कागद बघितले होते, इंजिन बघितलं होतं, सीटा मोजल्या होत्या. पण चासीवरचा नंबर? तो कधी स्वतःच्या डोळ्यांनी बघितला होता का? दरवर्षी तपासणीवाला बघायचा, हा बाजूला देवाचं नाव घेत उभा राहायचा. आणि तपासणीवाल्यांनी नुसतंच बघितल्यासारखं केलं असेल तर? आणि त्या सोन्याच्या दातवाल्यानं? तो दात तरी त्याचा होता, की तोही दुसऱ्या कुणाचा?

ब्रशनं खिशातून पत्रा काढला. "मॅडम, आत्ता खरवडून देतो."

"खरवडायचं नाही." इतक्या हळू की दोघंही वाकले. "आकड्यांवर एक ओरखडा जरी दिसला, तरी नंबरशी छेडछाड केली असं मला लिहावं लागेल. मग गाडी इथेच राहील आणि पुढचं पोलीस बघतील. थिनर असेल तर मऊ कापडानं पुसा. मी त्या ट्रककडे जाऊन येते."

मॅडम गेल्या. हँडब्रेक चाकाला धरून उभा राहिला.

"ब्रश. तुला एकच सांगतो. आकड्याला धक्का लागला तर तुझ्या ताईला तूच सांगायचं."

"दाजी, तुम्ही जरा लांब उभे राहा. तुमची भीती माझ्या हातात येतीये."

ब्रश चिंधी भिजवून बसला. आधी काळं पाणी आलं. मग राखाडी. मग रंगातून एक खाच वर आली, बाळाच्या हिरडीतून दात वर यावा तशी. एक अक्षर. मग दुसरं. हँडब्रेक गाडीच्या नोंदणीचं पुस्तक उघडून समोर उभा.

"एम," ब्रश म्हणाला.

"एम. आहे."

"ए."

"ए. आहे."

"पुढचा आठ."

हँडब्रेकचं बोट पुस्तकावर थांबलं. पुस्तकात बी होता. त्याच्या डोळ्यांपुढे खाकी कपडे उभे राहिले. या वेळी पोस्टमन नव्हता, सिक्युरिटी गार्डही नव्हता. बायको तुरुंगाच्या खिडकीशी डबा घेऊन उभी, आणि तिथेही म्हणतेय, मी सांगितलं होतं.

"नीट बघ रे."

ब्रशनं चिंधी फिरवली. "थांबा, पोटात रंग अडकलाय. बी आहे, बी."

"आधी पूस, मग बोल."

चासी नंबर लांब असतो. ब्रशचे गुडघे आखडले. तिरकं, उकिडवं बसून त्याचे पाय बधिर व्हायला लागले. बसायला काहीतरी हवं म्हणून त्यानं इकडेतिकडे बघितलं. पलीकडे मागच्या चाकाखाली एक दगड होता. कलिंगडाएवढा, एका बाजूनं सपाट, बसायला अगदी मापाचा.

हँडब्रेक पुस्तकात बोट ठेवून पुढचा आकडा वाचत होता. ब्रश उठला, दगड ओढून काढला, पुढच्या चाकापाशी आणून ठेवला आणि त्यावर बसला.

"आता बरं वाटतंय. सात."

"सात," हँडब्रेक म्हणाला. "आहे."

"चार."

"चार. आहे." आणि मग त्याला वाटलं की आपण मागे सरकतोय. पण तो उभा होता. गाडी पुढे सरकत होती. स्टिअरिंग वळवताना गिअर काढून ठेवलेला होता. हँडब्रेक मात्र वर होता, त्यानं दोन्ही हातांनी ओढलेला, शेवटच्या दातापर्यंत.

चासीवरचा पुढचा आकडा ब्रशच्या चिंधीखालून हळूच निघून गेला. वळलेलं चाक त्याच्या चपलेकडे आलं.

"दाजी, गाडी हलतीये," ब्रश म्हणाला, जणू पाऊस पडतोय म्हणून सांगावं. मग पाय ओढून बाजूला लोळला. चपलेवरून चाक गेलं.

"दगड," हँडब्रेक म्हणाला. "दगड कुठे आहे?"

"मी त्यावर बसलो होतो."

गाडी उताराला लागली. पुढे काही नव्हतं, फक्त कचेरीची भिंत, खिडकी, खिडकीशी कागद घेऊन उभी माणसं, आणि त्या माणसांच्या अलीकडे स्टँडवर लावलेली एक निळी स्कूटर. हँडब्रेकनं पुस्तक मिटलं. आयुष्यभर ज्याची वाट बघत बसला होता, ते हेच. त्याला एक क्षण ओळखीचं वाटलं.

आणि तो पळाला. हा माणूस पळताना आजवर कुणी बघितला नव्हता. उघड्या दारातून अर्धा आत गेला, पाय बाहेर लोंबकळत, हातानंच ब्रेकचं पेडल शोधलं, दाबलं. मग कसाबसा आत ओढला गेला आणि पायानं दाबलं. गाडी करकचून थांबली. खिडकीशी उभी माणसं भिंतीला चिकटली होती. बंपरनं स्कूटरला हलकेच स्पर्श केला होता. स्कूटर जराशी डुलली, विचार केला, आणि मग आडवी झाली.

मॅडम ट्रककडून चालत आल्या. स्कूटरकडे बघितलं. गाडीकडे बघितलं. पेडलवर पाय ठेवून पांढराफटक बसलेल्या हँडब्रेककडे बघितलं.

"स्कूटर कुणाची आहे?" ब्रशनं लंगडत येऊन विचारलं.

"माझी," मॅडम म्हणाल्या.

ब्रशनं दाजींच्या कानाशी तोंड नेलं. "तिची पीयूसी विचारू का?"

"गप्प बस," हँडब्रेक ओठ न हलवता म्हणाला.

मॅडमनी स्कूटर उभी केली. आरसा वाकडा झाला होता, तो त्यांनी हातानं सरळ केला. मग पॅड काढलं. "पायाचा ब्रेक चांगला आहे," त्या म्हणाल्या आणि लिहिलं. "हँडब्रेक लावला होता?"

"देवाशपथ लावला होता मॅडम."

त्यांनी आत डोकावून बघितलं. दांडा शेवटच्या दातावर उभा होता. त्यांनी तो खाली सोडला आणि दोन बोटांनी पुन्हा वर उचलला. तो लटपटत वरपर्यंत आला, जणू त्याच्या पलीकडे काही बांधलेलंच नव्हतं.

"लोक तुम्हाला हँडब्रेक म्हणतात ना?" मॅडम म्हणाल्या. मैदानात कुणीतरी हसलं आणि लगेच खोकून घेतलं.

त्यांनी मग राहिलेले आकडे स्वतः पुसले, कागद ठेवून पेन्सिल घासली आणि छाप पुस्तकातल्या नंबराशी जुळवला. अक्षर न् अक्षर जुळलं. हँडब्रेकला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, पण मॅडम लिहीतच होत्या.

"हँडब्रेक नापास. दुरुस्त करून आणा. कचेरी बंद व्हायच्या आत आणलीत तर आजच पुन्हा बघते. नंतर आणलीत तर उद्या. पण उद्या ही गाडी रस्त्यावर आणता येणार नाही, कारण फिटनेस आज संपतंय. फिटनेस नसलेली गाडी म्हणजे नोंदणी नसल्यासारखीच. पॅसेंजर बसवलेत आणि काही झालं, तर विमावाला हात वर करेल."

"समजलं मॅडम."

"आणि काका, स्कूटरचं मी वेगळं बघणार नाहीये. तुमची गाडी पास झाली तर स्कूटरमुळे नापास करणार नाही, आणि नापास झाली तर स्कूटरमुळे नाही." हे ऐकून त्याला आणखीच धडकी भरली.

फाटकाबाहेर एक मेकॅनिक होता, त्याला पाना म्हणत. फाटकाबाहेरचे मेकॅनिक आतल्या तपासणीवरच जगतात. तिथपर्यंत जाताना हँडब्रेक पायाच्या ब्रेकवर पाय ठेवून पायाच्या वेगानं निघाला आणि ब्रश एका पायात चप्पल, दुसरा अनवाणी, दगड छातीशी धरून मागच्या चाकाच्या बाजूनं चालत होता.

"सोडू नकोस रे," हँडब्रेक आतून म्हणत होता.

"दाजी, लग्नात तुमची मिरवणूकसुद्धा एवढी हळू नव्हती."

पाना गाडीखाली गेला. मग हसण्याचा आवाज आला. बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात केबलचं टोक होतं, पिंजारलेलं, एकेक तार वेगळी झालेली.

"किती जोरात ओढता हो हे?"

"जोरात म्हणजे, नीट."

"नीट नाही, बैल ओढतो तसं. दोन्ही हातांनी, रोज, शंभरदा. केबल ताणून ताणून तुटली. कधीचीच तुटलीय. बहुतेक महिनाभर तुमचा हँडब्रेक नुसता शोभेला होता."

"पण गाडी कधी घरंगळली नाही."

"कशी घरंगळेल? तुमचा दगड होता ना खाली."

हँडब्रेक दगडाकडे बघत राहिला. महिनाभर सिग्नलला, जिथे दगड लावता येत नाही, तिथे तो हँडब्रेक ओढून, पाय काढून, कपाळ पुसत बसायचा. ते सगळे सिग्नल त्याच्या डोळ्यांपुढून एकेक करून गेले. शाळेपुढचा. दवाखान्यापुढचा. मंडईतला, उतार जिथे सुरू होतो त्याच्या अगदी अलीकडचा. त्या एका आठवणीनं त्याला पाण्याची बाटली मागावी लागली.

"नवी केबल आहे माझ्याकडे," पाना म्हणाला. "पण बसवायला वेळ लागेल. घाई करू नका."

घाई तो कधीच करत नव्हता. आता मात्र घड्याळाकडे बघत उभा राहिला. बायकोचा फोन आला.

"झालं का?"

"एवढंसं राहिलंय."

"एवढंसं म्हणजे किती?"

"हँडब्रेक."

पलीकडे भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. "म्हणजे तुम्ही राहिलात की गाडीचा?"

"गाडीचा."

"मग ठीक आहे," ती म्हणाली. पण तिच्या आवाजातली काळजी गेली नव्हती. "कारखान्यातून दोनदा फोन आला. मी म्हटलं, आमचे साहेब तपासणीत आहेत."

गाडी आत परत आली तेव्हा खिडकी बंद करायला शिपाई हात पुढे करत होता. मॅडम निघायच्या तयारीत होत्या, डोक्यावर हेल्मेट. हेल्मेट काढून त्या पुढे आल्या. "त्या चढावर घ्या."

मैदानाच्या कडेला सिमेंटचा चढ होता. हँडब्रेकनं गाडी वर नेली. मॅडम शेजारच्या सीटवर येऊन बसल्या.

"न्यूट्रल करा. हँडब्रेक लावा. एका हातानं."

एका हातानं. त्यानं दुसरा हात मांडीखाली दाबून धरला आणि ओढला. दांडा टकटक वाजत वर आला आणि मध्येच घट्ट थांबला. एवढ्यात थांबला म्हणून तो घाबरला.

"आता पाय काढा."

दगडाशिवाय? त्यानं आरशात बघितलं. मागे खाली ब्रश उभा होता, दगड हातात घेऊन, तयार. मॅडमनी खिडकीतून मान बाहेर काढून त्याला नुसता हात केला. ब्रशनं दगड खाली ठेवला. चाकाखाली नाही, लांब.

"काका, पाय."

त्याचा पाय पेडलवर इतका घट्ट चिकटला होता की त्याला वाटलं, हाही ब्रशनं रंगवून टाकला की काय. त्यानं तो उचलला. आधी टाच, मग तळवा, मग एक एक बोट. पाय हवेत राहिला. त्याला गाडी मागे जाताना जाणवली. जाणवलीच. झाडं पुढे जात होती, मॅडम मागे जात होत्या, कारखाना मागे जात होता.

काहीच जात नव्हतं. गाडी उभी होती. इतकी उभी की तिच्यात एक माशी काचेवर बसलेली होती आणि तीही हलत नव्हती.

"झालं," मॅडम म्हणाल्या. "पाय खाली ठेवलात तरी चालेल."

फिटनेसचा कागद छापून हातात आला तेव्हा त्यानं तारीख वाचली, मोठ्यानं वाचली, मग ब्रशला वाचायला लावली. पीयूसीची पावती शेजारी धरली. दोघांच्या दोन तारखा. फोटो काढले, कारखान्याच्या साहेबांना पाठवले. उत्तर आलं, एकाच शब्दाचं: चालेल.

स्कूटरजवळ जाऊन त्यानं हात जोडले. "मॅडम, आरशाचं..."

"सरळ झालाय," मॅडम म्हणाल्या आणि निघून गेल्या. जाताना त्यांचा इंडिकेटर लागत नव्हता, हे ब्रशनं बघितलं आणि तोंडावर हात ठेवला.

घरापर्यंतच्या मोकळ्या रस्त्यावर हँडब्रेकनं गाडी जराशी पळवली. थोडीशीच. पीयूसीवाला म्हणाला होता म्हणून. ब्रशनं सीटचा दांडा धरला. आयुष्यात पहिल्यांदा दाजींच्या गाडीत त्यानं काहीतरी धरलं होतं.

दारात गाडी थांबली. हँडब्रेक ओढला, एका हातानं. उतरला. बराच वेळ गाडीजवळ उभा राहिला. मग सीटमागे हात घातला. दगड तिथे नव्हता.

"ब्रश, दगड कुठाय?"

ब्रश ओट्यावर बसून कसलंतरी काम करत होता. थोड्या वेळानं त्यानं दगड उचलून आणला. सपाट बाजूवर पांढऱ्या रंगात, आकडे मोठे काढून, पीयूसीची तारीख. पाठीवर लाल रंगात फिटनेसची. अक्षर देखणं होतं. त्याबाबतीत ब्रश नेहमीच देखणा होता.

"ताईची कल्पना," तो म्हणाला. "रोज दहा वेळा उचलता, एकदा तरी वाचाल."

"पण ओला आहे."

"मग आज लावू नका. उद्या वाळेल."

हँडब्रेकनं ओल्या दगडाकडे बघितलं, मग चाकाकडे. आत चहा ठेवल्याचा आवाज आला. तो दारापर्यंत गेला आणि परत वळून बघितलं. गाडी उभीच होती.

आतून बायको म्हणाली, "या आत. मी मघाशीच पलीकडच्या चाकाला दुसरा दगड लावलाय."